आंधळगावच्या दुकानदारांनो, चाळिशीआधी एकदा बँकेत जा

कोशाच्या लुगड्यांनी नाव कमावलेल्या आंधळगावातलं एक किराणा दुकान. बाबा ४४ वर्षांचे, आई ३९ची. मुलगी बी. कॉम. करते आणि सुटीत गल्ल्यावर बसते. उधारीची वही लिहिताना एका रात्री तिने विचारलं, “बाबा, साठीनंतर ही पोती कोण उचलणार?”

“मंग दुकान कशाले आहे? तेच आपलं पेन्शन,” बाबा म्हणाले.

मुलीने वहीच्या मागच्या पानावर अटल पेन्शन योजनेचा हिशेब मांडला. ही योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यात १८ ते ४० वर्षांपर्यंतच नाव घालता येतं. बाबांची वेळ गेली होती, आईची अजून होती. ३९व्या वर्षी महिना १,००० रुपये पेन्शनसाठी हप्ता २६४ रुपये, ३,०००साठी ७९२. म्हणजे रोजचे साडेसव्वीस रुपये, २१ वर्षं.

बाबा जन्माचे दुकानदार. त्यांनी लगेच विचारलं, तेव्हा तीन हजारांत येणार काय? प्रश्न चोख होता. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर त्या तीन हजारांत आजच्या जेमतेम अकराशेचा माल येईल. मुलीने ते नाकारलं नाही. “घर नाही चालणार, पण औषधाच्या दुकानात उधारी राहणार नाही,” ती म्हणाली. बाबा वळले ते मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर. आईच्या मागे तेवढीच पेन्शन त्यांना मिळणार होती आणि दोघांच्या मागे साठलेली रक्कम वारसाला. वय निघून गेलेल्या माणसालाही या वाटेने आधार मिळतो, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं.

अडचण पुढेच आहे. दुकानदाराचा पैसा मालात आणि उधारीत अडकलेला असतो, तर हप्ता बचत खात्यातून आपोआप कापला जातो. खातं रिकामं असेल, तर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे महिन्याला एक रुपया दंड बसतो. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही ठेवता येतो. गिऱ्हाइकांची उधारी धानाचे पैसे आल्यावर फिटत असेल, तर सहामाही सोयीची. या घराने मात्र महिन्याचाच ठेवला आणि आई रोज तीस रुपये डालड्याच्या जुन्या डब्यात टाकू लागली.

तेव्हा गावातल्या दुकानदारांना आवाहन आहे: घरातल्या प्रत्येकाची आधारवरची जन्मतारीख आजच पाहा. चाळिशीच्या आत कुणी असेल आणि प्राप्तिकर भरत नसेल, तर आधार, मोबाइल आणि पासबुक घेऊन आपल्या बँकेत जा. फॉर्मवर वारसाचं नाव घातल्याशिवाय उठू नका. साठीआधी स्वतःहून बाहेर पडलात, तर आपण भरलेले पैसे आणि त्यावरची कमाई खर्च वजा होऊन मिळते, पेन्शन मिळत नाही. म्हणून पेलेल तेवढाच हप्ता निवडा. चाळिशी ओलांडलेल्यांनी त्याच खेपेला राष्ट्रीय पेन्शन योजनेची चौकशी करावी. तिथे पेन्शनचा आकडा आधी ठरलेला नसतो, पण दार उघडं असतं. आंधळगावच्या बाबांनी तोही फॉर्म आणलाय. सध्या तो गल्ल्यात, उधारीच्या वहीखाली आहे.