पुस्तक विकत घेण्याआधी त्यातला एक आकडा उलटा चालवून बघा

मागच्या व्हिडिओखाली वडगाव रासाई, मांडवगण, दौंड या भागातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, धंदा सुरू करायच्या आधी कोणतं पुस्तक वाचू?" यादी मी देणार नाही. यादी दिली तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल, आणि विश्वास ठेवण्याआधी तपासायचं कसं, हाच आजचा विषय आहे.

माझं मत सरळ आहे. पुस्तकाच्या किती लाख प्रती खपल्या यावरून ते चाललं एवढंच कळतं, खरं आहे की नाही ते कळत नाही. ते बघायचं असेल तर त्यातला एक ठळक दावा घ्या आणि तो आला कुठून, हे मागे मागे जाऊन शोधा.

आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेलं उदाहरण घेऊ. मुंबईचे डबेवाले. यातले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातले. प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांत आणि भाषणांत त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास सापडतं: १ कोटी ६० लाख डब्यांत एक चूक, आणि म्हणून फोर्ब्सने त्यांना 'सिक्स सिग्मा' दर्जा दिला.

आता हा आकडा उलटा चालवू. तो १९९८ साली फोर्ब्समध्ये आलेल्या लेखातला. पत्रकार सुब्रत चक्रवर्ती यांनी तो कसा काढला हे नंतर स्वतःच सांगितलं. त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं, चूक किती वेळा होते? उत्तर आलं, जवळजवळ होतच नाही, फार तर दोन महिन्यांतून एकदा. मग त्यांनी हिशोब केला. रोजचे सुमारे १ लाख ७५ हजार डबे. दोन महिन्यांत कामाचे दिवस धरा ४६. गुणाकार येतो साधारण ८० लाख. डबा घरी परत पण जातो, म्हणून दुप्पट, म्हणजे १ कोटी ६० लाख. झाला आकडा तयार!

यात मोजमाप कुठे आहे? कुठेच नाही. एका माणसाने अंदाजाने सांगितलेलं 'दोन महिन्यांतून एकदा', एवढाच पाया. फोर्ब्सने दर्जा वगैरे दिला नव्हता आणि 'सिक्स सिग्मा' हा शब्दही आपण वापरला नव्हता, असं चक्रवर्ती यांनीच स्पष्ट केलं. डबेवाल्यांचं काम यामुळे लहान होत नाही. ते काम खरोखर अफाट आहे. पण काम खरं असणं वेगळं आणि त्याच्यावर चिकटवलेला आकडा खरा असणं वेगळं.

"आकड्याने काय फरक पडतो, प्रेरणा तर मिळते ना?" असं कुणी म्हणेल. फरक खिशात पडतो. समजा, तुम्ही गावातून १२० घरांना रोज एक लिटर दूध पोचवायचं ठरवलं. लिटरला ६० रुपये धरले तर एका घराचं महिन्याचं बिल १,८०० रुपये, आणि सगळी विक्री २ लाख १६ हजार. पुस्तकातला तो आकडा डोक्यात ठेवून तुम्ही जाहीर केलं, "एकदा जरी चूक झाली तर महिन्याचं बिल माफ!" महिन्यात ३,६०० पोच होतात. शंभरात एक चूक झाली, आणि नवीन माणसाकडून ती सहज होते, तर ३६ चुका. त्या वेगवेगळ्या घरांत झाल्या तर ६४,८०० रुपये माफ. म्हणजे विक्रीच्या तीस टक्के गेले. दुधाच्या धंद्यात एवढं मार्जिन असतं का, तुम्हीच सांगा. त्यापेक्षा महिनाभर स्वतःच्या चुका वहीत लिहा आणि मग गॅरंटी ठरवा.

दुसरा लोकप्रिय दावा: २१ दिवसांत सवय लागते. हा मागे मागे जात मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकापर्यंत पोचतो. ऑपरेशननंतर नवीन चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान साधारण २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढच्या पुस्तकांनी त्यातला 'किमान' काढला, 'साधारण' काढला, आणि चेहऱ्याच्या जागी जगातली कुठलीही सवय बसवली.

याची खरी मोजणी लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी सवय निवडली आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. आता इथेही तोच नियम लावा. अभ्यास चालला ८४ दिवस, मग २५४ आले कुठून? तो आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. आणि आलेख नीट बसला तोही निम्म्याहून कमी लोकांचा. म्हणून '६६ दिवसांचा मंत्र' असं पुस्तक दिसलं तरी हुरळून जाऊ नका. या अभ्यासातून कामाची गोष्ट वेगळीच मिळते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. रोजमेळ लिहायचा एक दिवस राहिला तर वही बंद करू नका, दुसऱ्या दिवशी पुढे लिहा.

मग दुकानात उभं राहून काय करायचं? पुस्तकाचं मागचं पान बाजूला ठेवा. आतला एक असा दावा निवडा ज्यावर तुम्ही पैसे किंवा वेळ लावणार आहात. शेवटी टिपा आहेत का बघा. त्या दाव्याला संदर्भ असेल तर घरी जाऊन शोधा आणि विचारा: मोजलं कुणी, कुणावर, आणि किती दिवस? 'संशोधन सांगतं' एवढंच लिहून पुढे पळालं असेल, तर तो दावा उधारीचा समजा.

आणि एक प्रश्न नेहमी विचारा: हेच करून न जमलेले लोक पुस्तकात आहेत का? पहाटे उठणारे पाच श्रीमंत दाखवले की पहाटे उठणं हे कारण वाटतं. पण भीमेच्या काठी धारा काढायला पहाटे चारला उठणारे कितीतरी आहेत. सगळ्यांच्या दारात मोठी गाडी उभी आहे का?

टिपा नसलेलं प्रत्येक पुस्तक टाकाऊ असतं असंही नाही. कुणी स्वतःच्या धंद्याची गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली असेल तर जरूर वाचा, पण ती त्या माणसाची गोष्ट म्हणून वाचा, नियम म्हणून नको. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: पुराव्याचं पुस्तकसुद्धा बहुतेकांच्या बाबतीत काय घडलं तेवढंच सांगतं. तुमच्या गावात, तुमच्या गिऱ्हाइकांकडून काय होईल, ते तुमची वहीच सांगणार.

घरात असं एखादं पुस्तक असेलच. त्यातला एक आकडा आज उलटा चालवून बघा आणि शेवटी कुठे पोचलात ते कमेंटमध्ये लिहा.