अप्रेंटिस शिकायला येतो की फक्त जॉब काढायला?

स्पष्टच लिहितो, कुणाला लागलं तर लागू दे.

वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली एमआयडीसी... आपली आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून जातात, तेव्हा १९६१ चा अप्रेंटिस कायदा त्यांना कामगार मानत नाही. ती प्रशिक्षणार्थी असतात. म्हणून पगार नाही, स्टायपेंड. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधनही मालकावर नाही. ठीक आहे. पण मग पोरगा कामगार नसेल, तर त्याचं शिक्षण कुठे आहे, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही?

"करता करता शिकतो की!" हे ठरलेलं उत्तर. अर्धवट आहे ते. डेव्हिड कोल्ब नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं. त्यात चार टप्पे आहेत: काम करणं, काय झालं ते नीट बघणं, असं का झालं याचा नियम शोधणं आणि तो नियम पुढच्या कामावर लावून बघणं. आपल्याकडे यातला पहिलाच टप्पा तेवढा होतो, तोच वर्षभर.

उदाहरण घ्या. टर्नर ट्रेडचा पोरगा दोन सेंटरमध्ये शाफ्ट धरून लेथवर काढतोय. २५ मिलिमीटर व्यास हवा. हेडस्टॉककडे बरोबर २५ आला, टेलस्टॉककडे २५.०६. जॉब रिजेक्ट. मिस्त्री येतात, दोन शिव्या घालतात, टेलस्टॉक जरासा सरकवतात आणि म्हणतात, "चल, चालू कर." पुढचा जॉब ओके. प्रॉडक्शन वाचलं. पोरगा काय शिकला? मिस्त्रींना बोलवायचं, एवढंच.

आता हेच चक्र पूर्ण करा. रिजेक्ट जॉब फेकू नका. पोराला मायक्रोमीटर देऊन तीन ठिकाणी मोजायला लावा: दोन्ही टोकांना आणि मध्ये. मध्ये २५.०३ आला, म्हणजे व्यास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारखा वाढतोय, तर टेलस्टॉक लाइनमध्ये नाही. टोकं बरोबर आणि मधेच जाड असेल, तर टेलस्टॉकचा दोष नाही. बारीक जॉब टूलच्या दाबाने वाकतोय. कट कमी घ्या, नाहीतर मधे आधार द्या. दोन्ही वेळी जॉब रिजेक्टच, पण कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मग विचारा, टेलस्टॉक किती सरकवायचा? बरीच पोरं ०.०६ सांगतील. चूक. तो व्यासातला फरक आहे. सेंटर सरकवायचं त्याच्या निम्मं, ०.०३, आणि तेही आपल्या बाजूला, टूलकडे. डायल लावून त्यालाच सरकवू द्या, भंगारातल्या तुकड्यावर कट घेऊ द्या, पुन्हा मोजू द्या. वीस मिनिटं जातात. पण पुढच्या वेळी मशीन बदललं, जॉब बदलला, तरी हा पोरगा अडत नाही.

कुणी म्हणेल, सगळंच करून बघायचं तर अपघात होतील. बरोबर आहे. २०१६ आणि २०२४ चे एमआयडीसीतले स्फोट डोंबिवलीकर विसरलेले नाहीत. केमिकल प्लांटमधल्या पोराला रिअॅक्टरवर प्रयोग करू द्या असं मी म्हणत नाहीये. तिथे नियम आधी, हात नंतर. व्हॉल्व्ह आधी पाण्याच्या लाइनवर फिरवून शिकवा, "तापमान चढतच राहिलं तर पहिलं काय करशील?" हे प्लांटमध्ये शिरण्याआधी तोंडी विचारा. चक्र कुठूनही सुरू होऊ शकतं. एकही टप्पा गाळायचा नाही, इतकंच.

राहिलं लॉगबुक. अप्रेंटिसच्या प्रगतीची नोंद ठेवणं कायद्यानेच मालकावर टाकलंय. प्रत्यक्षात काय होतं? महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवस भरले जातात. "टर्निंगचे काम केले" तीस वेळा, खाली सही. ही नोंद नाही, हजेरी आहे.

मागणी साधी आहे. लॉगबुकात रोज नको, आठवड्यातून एकाच बिघडलेल्या जॉबच्या चार ओळी: काय केलं, काय मोजलं, कारण काय निघालं, पुढच्या वेळी काय बदललं. चौथी ओळ रिकामी असेल तर सुपरवायझरने सही करू नये. आणि आयटीआयच्या सरांनी वही मागवून त्यातल्याच एका जॉबवर तोंडी प्रश्न विचारावेत. कॉपी केलेली वही दोन प्रश्नांत उघडी पडते.

मालकांनो, वीस मिनिटांचं प्रॉडक्शन जातं म्हणून ओरडू नका. तो कामगार नाही, हे तुम्हीच सांगता ना?

आणि आईबाबांनो, पोरगा घरी आला की "स्टायपेंड जमा झाला का?" जरूर विचारा. सोबत हेही विचारा, "या आठवड्यात कुठला जॉब बिघडला, आणि का?" उत्तर "माहीत नाही" आलं, तर समजा, पोरगा तिथे राबतोय, शिकत नाहीये.