चिंतनवहीतील एक पान : एकोणसत्तर की एकोणऐंशी?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील नांदेड-लातूरच्या अध्यापक महाविद्यालयांतून दरवर्षी नवे शिक्षक बाहेर पडतात आणि त्यांतील काही निवासी शाळांत रुजू होतात. बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यापासून त्यांच्या हाती टाचणवहीबरोबर आणखी एक वही आलेली असते, ती म्हणजे चिंतनवही. आंतरवासितेच्या काळात वर्गात घडलेल्या एखाद्या प्रसंगावर ठरावीक टप्प्यांनी विचार करून तो लिहून काढावा, अशी या वहीमागची अपेक्षा असते. नोकरीच्या पहिल्या वर्षीही ही सवय मोडू नये, म्हणून नवागत सहकाऱ्यांच्या अशा नोंदी आम्ही त्यांच्यासोबत बसून वाचतो. त्या वाचनातून बनलेले एक मत येथे मांडावयाचे आहे.

या नोंदींसाठी बहुधा ग्रॅहम गिब्ज यांचे चक्र वापरले जाते. ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकमध्ये काम करणाऱ्या गिब्ज यांनी १९८८ साली 'लर्निंग बाय डुइंग' या पुस्तकात ते मांडले आणि पुढे परिचर्या व अध्यापन या दोन्ही व्यवसायांच्या शिक्षणात ते रुळले. त्याचे सहा टप्पे आहेत : घटनेचे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा. टप्पे सोपे आहेत आणि नेमकी तीच अडचण आहे. सहा चौकटी भरल्या की विचार झाला, असे लिहिणाऱ्यास वाटू लागते. वहीला गुण असल्यामुळे तपासणाऱ्यास काय आवडेल याचाही अंदाज बांधला जातो. मग भावनांची चौकट दीड पान व्यापते, वर्णन दोन ओळींत उरकते आणि विश्लेषणात 'विद्यार्थ्याचे लक्ष नव्हते' किंवा 'पाया कच्चा आहे' यांपैकी एक वाक्य येऊन बसते. आमच्या मते नोंदीचा कस चौथ्या चौकटीत लागतो. प्रसंगाची एकाहून अधिक कारणे तेथे समोरासमोर ठेवली आहेत काय आणि त्यांतील खरे कोणते हे मुलाकडे परत जाऊन पडताळले आहे काय, एवढेच आम्ही पाहतो.

एका नवागत शिक्षिकेची नोंद या दृष्टीने मोलाची वाटली. प्रसंग पाचवीच्या वर्गातला, शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा चाललेला. निरनिराळ्या गावांहून आलेल्या मुलांची तयारी जोखण्यासाठी त्यांनी दहा संख्या उच्चारल्या आणि मुलांनी त्या अंकांत लिहिल्या. नंतर देगलूर तालुक्यातील एका मुलास फळ्यावर बोलावून 'एकोणसत्तर' लिहावयास सांगितले. त्याने ७९ लिहिले. वर्ग हसला. 'लक्ष देऊन ऐक' असे बाईंनी म्हणताच तो म्हणाला, "मॅडम, तुमीच सत्तर म्हणलाव की!" वर्ग आणखी हसला. पुढचे दोन दिवस त्या मुलाने गणिताच्या तासाला वही उघडली नाही.

नोंदीचा पहिला मसुदा वर सांगितलेल्या घाटाचाच होता. स्वतःस किती अपराधी वाटले हे बाईंनी विस्ताराने लिहिले होते आणि मूल्यमापनात 'दहापैकी पाच, मध्यम' अशी नोंद होती. लातूर-नांदेडकडे गुणांचे आकडे वाचण्यात आपण सारेच वाकबगार. परंतु 'दहापैकी पाच' या आकड्यातून त्या मुलाविषयी काहीच कळत नव्हते. आम्ही एवढेच सुचविले की, वर्णनाच्या चौकटीत त्या मुलाच्या वहीचे पान जसेच्या तसे उतरवावे. त्याने प्रसंगाचे स्वरूपच बदलले.

बारा, पंचवीस, चव्वेचाळीस, पन्नास आणि शंभर या पाच संख्या बरोबर होत्या. उरलेल्या पाचांत सदुसष्टसाठी ७६, शहात्तरसाठी ६७, अडतीससाठी ८३, एकोणतीससाठी ३९ आणि एकोणसत्तरसाठी ७९ लिहिलेले होते. हे पान सावकाश वाचावे. लक्ष नसलेले मूल वाटेल ते लिहिते, त्याच्या चुकांना घडण नसते. येथे सदुसष्ट आणि शहात्तर यांची नेमकी अदलाबदल झालेली आहे. अडतीसही उलटला आहे. 'एकोण' असलेल्या दोन्ही संख्यांत एककाचा नऊ अचूक आहे, दशक मात्र एकाने वाढलेला आहे. चव्वेचाळीस बरोबर आला याचे समाधान मानण्याचे कारण नाही, कारण दोन्ही अंक सारखेच असल्याने तेथे उलटापालट झाली तरी दिसणार नाही. (संख्यालेखन घेताना चव्वेचाळीस, पंचावन्न अशा संख्या टाळाव्यात, असे आम्ही तेव्हापासून सर्वांना सांगतो.)

पान समोर आल्यावर विश्लेषणाच्या चौकटीत तीन कारणे उभी राहिली. एक, अवधान नसणे. ते चुकांच्या घडणीनेच बाद झाले. दुसरे, दशक-एककाची समज कच्ची असणे. तिसरे, ती समज पक्की असूनही मराठी संख्यानाम आणि संख्या यांचा सांधा न जुळणे. दुसऱ्या व तिसऱ्या कारणांत वहीच्या पानावरून निवड करता येत नाही, कारण दोहोंतून निघणारी चूक कागदावर सारखीच दिसते. त्यासाठी मुलाकडेच जावे लागते.

बाई संध्याकाळच्या अभ्यासिकेत त्याच्याजवळ बसल्या. काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या मांडून 'किती झाल्या, लिही' म्हटले. त्याने ६९ लिहिले. ८३ हा अंक लिहून दाखविला, तर आठ गठ्ठे व तीन सुट्या काड्या उचलल्या. मग काहीही न लिहिता नुसते 'अडतीस' म्हटले, तेव्हाही त्याने आठ गठ्ठे व तीन काड्याच उचलल्या. दुसरे कारण येथे गळून पडले. अंक आणि काड्या यांचे नाते त्याला ठाऊक होते; शब्द कानी पडला की घोटाळा होत होता. शेवटी ६९ दाखवून वाचावयास सांगितले, तेव्हा तो थोडा थांबून म्हणाला, "साठ नऊ." घरी काय म्हणतात, असे विचारताच उत्तर तत्काळ आले : "अरवै तोम्मिदि."

देगलूर, बिलोली, धर्माबाद हा तेलंगणाला लागून असलेला पट्टा आहे. तेथील कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते. लातूरकडे उदगीर, देवणी, निलंगा या भागांत कानडीची तीच गोष्ट. या दोन्ही भाषांत एकवीसपासून पुढे दशक आधी उच्चारला जातो आणि एकक नंतर. 'अरवै' म्हणजे साठ, 'तोम्मिदि' म्हणजे नऊ. ज्या क्रमाने बोलावे त्याच क्रमाने अंक लिहावेत. मराठीत एकक आधी येतो : सदुसष्ट म्हणजे सात आणि साठ. मुलाने ऐकले त्या क्रमाने सात लिहिला, मग सहा लिहिला आणि ७६ झाले. त्यात भर म्हणजे आपली संख्यानामे जोडाक्षरांत झिजलेली आहेत. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट यांत 'सात' दरवेळी निराळा वेश घेतो; 'साठ'चा 'सष्ट' होतो आणि 'सत्तर'चा 'हत्तर'. ज्या मुलाच्या कानावर ही नावे जन्मापासून पडतात त्याला हे जाणवत नाही.

'एकोण'ची गोष्ट त्याहून वेगळी आहे. 'एकोन' म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी. एकोणसत्तर म्हणजे सत्तरास एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशी आठच नावे आहेत. मुलाने अनुभवाने एवढे टिपले होते की, 'एकोण' आले की शेवटी नऊ असतो. आणि सत्तर तर त्याला स्पष्ट ऐकू आला होता. म्हणून ७९. ही चूक अर्ध्या ज्ञानाची आहे, अज्ञानाची नव्हे. वर्गात त्याने बाईंना दिलेले उत्तर उर्मट नव्हते, ते त्याच्या गणिताचे स्पष्टीकरण होते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा गदारोळ झाला. मराठी बुडाली येथपर्यंत मजल गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती ती जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची अडचण सोपी करण्याचीच. जर्मन भाषेतही एकक आधी येतो, म्हणजे ही अडचण केवळ आपलीच नाही. 'सदुसष्ट' टाकून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. बाजारात आणि घरात तोच शब्द चालणार आहे. परंतु सीमेवरील मुलासाठी 'साठ सात' ही पायरी वर्ज्य मानणे आम्हांस पटत नाही. या मुलाने ती पायरी कोणी न शिकविता स्वतःच बांधली होती.

बाईंचा कृती आराखडा त्यामुळे नेमका झाला. पहिल्या मसुद्यातील 'अधिक लक्ष पुरवीन' हे वाक्य गेले. त्याऐवजी तीन आठवडे, रोज दहा मिनिटे : काड्या मांडावयाच्या, 'साठ सात' म्हणावयाचे, मग 'सदुसष्ट' म्हणावयाचे आणि शेवटी अंक लिहावयाचे. लिहिताना दशकाची जागा मोकळी सोडून ऐकलेला एकक आधी उजवीकडे मांडण्याची मुभा. 'एकोण'साठी संख्यारेषेवर सत्तरावर बोट ठेवून एक घर मागे येणे आणि 'एकोण'मधील 'ऊन' हा वजाबाकीतील 'उणे'चाच भाऊ आहे हे सांगणे. हे सर्व त्या एकट्याला बाजूला काढून नव्हे, तर वर्गातील सीमाभागातल्या सगळ्या मुलांसह. हसण्याच्या प्रश्नावर त्यांनी उपदेश केला नाही. एके दिवशी त्या मुलाकडून सर्व वर्गाला एक ते वीस तेलुगूत मोजावयास शिकविले. त्या दिवशी चुकण्याची पाळी इतरांची होती.

या नोंदीलाही मर्यादा आहेतच. एका मुलाच्या एका पानावरून सीमेवरील सर्व मुलांविषयी बोलता येत नाही. मराठीच घरची भाषा असलेली मुलेही सदुसष्ट-शहात्तरमध्ये गोंधळतात आणि काहींची दशकाची समज खरोखरच कच्ची असते. तेथे काड्यांची पडताळणी निराळे उत्तर देईल व उपायही निराळा लागेल. गिब्ज यांच्या चक्रात अशी पडताळणी करा असे सांगणारी चौकट नाही. लिहिणाऱ्याने आठवणीवर विसंबून खोलीत बसून सहाही टप्पे पूर्ण केले तरी चक्र तक्रार करीत नाही. जॉन ड्यूई, ज्यांच्यापाशी बाबासाहेब कोलंबियात शिकले, त्यांनी 'हाऊ वुई थिंक' या १९१० च्या ग्रंथात विचाराचा आरंभ अडचणीतून होतो आणि पुरावा मिळेपर्यंत निर्णय रोखून धरावा लागतो, असे प्रतिपादन केले होते. चिंतनवहीत नेमके हे रोखून धरणेच हरवते. म्हणून आमच्याकडे आता वर्णनाच्या चौकटीला मुलाच्या कामाची प्रत जोडलेली असावी आणि विश्लेषणाच्या चौकटीत किमान दोन कारणे व त्यांची केलेली पडताळणी असावी, असा प्रघात आहे. भावनांच्या चौकटीस चार ओळी पुरतात.

तीन आठवड्यांनी बाईंनी पुन्हा दहा संख्या उच्चारल्या. या वेळी दोन्ही अंक सारखे असलेली एकच संख्या होती, नव्व्याण्णव, आणि तीही मुद्दाम घेतलेली. कारण 'एकोण'ची रीत तेथे थांबते. मुलाच्या नऊ संख्या बरोबर आल्या. त्रेसष्टसाठी त्याने ३६ लिहिले, थोडा वेळ पाहिले आणि आपणच खोडले. नव्व्याण्णव बरोबर लिहूनही तो वही द्यावयास उठला नाही. बाई जवळ गेल्या तेव्हा त्याने विचारले, "मॅडम, मंग ह्याला एकोणशंभर का न्हाई म्हणत?" बाईंच्या पुढच्या नोंदीत वर्णनाच्या चौकटीत हेच वाक्य आहे. खालच्या पाच चौकटी अद्याप कोऱ्या आहेत.