रजेचा अर्ज मराठीत चालेल, असे एकदा सांगा: शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: पालकांचा मराठीतील रजेचा अर्ज सर्व शाळांनी स्वीकारणे व त्याचे इंग्रजी शाळेनेच करून घेणे याबाबत.

महोदय,


पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान आहे. आसपास इंग्रजी माध्यमाच्या शाळा बऱ्याच. त्यामुळे आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर आणखी एक काम माझ्या टेबलावर नेमाने येते. आई किंवा वडील वहीच्या पानावर मराठीत रजेचा अर्ज लिहून आणतात आणि म्हणतात, "दादा, एवढं इंग्लिशमध्ये करून द्या. मॅडमना मराठी वाचता येत नाही."

मॅडमचा यात दोष नाही. कुणी केरळमधून आलेल्या असतात, कुणी उत्तर प्रदेशातून. वर्गात चाळीस-पन्नास मुले, हजेरीपत्रक भरायचे, त्यात समोर आलेला कागद वाचताच येत नसेल तर त्या तरी काय करणार? त्या म्हणतात, इंग्रजीत आणा. तोंडी सांगितलेले हे एवढेसे वाक्य पुढे शाळेचा नियम होऊन बसते. मग माझ्यासारखा दुकानदार, शेजारचा कॉलेजचा मुलगा किंवा घरातले मोठे भावंड भाषांतराला बसते. त्या भाषांतरात काय होते, हे आपल्यापर्यंत पोचावे म्हणून हे पत्र.

एकच प्रकरण नीट सांगतो. एका आईने मुलाच्या वर्गशिक्षिकेला लिहिलेला अर्ज असा होता: "माझ्या मुलाच्या अंगावर बुधवारी रात्री कांजिण्या उठल्या. बुधवारी तो शाळेत आला होता. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याच्या बाकावरच्या मुलांच्या घरी कृपया कळवावे." चार वाक्ये, आणि एकही वाक्य फालतू नाही.

या अर्जाचे इंग्रजी मुलाच्या मोठ्या बहिणीने केले. शाळेच्या निबंधाच्या वहीत रजेच्या अर्जाचा जो साचा असतो, तो तिला पाठ होता. शाळेत जो कागद गेला त्याचा अर्थ एवढाच: "मला ताप आणि त्वचेचा त्रास असल्यामुळे मी शाळेत येऊ शकत नाही. कृपया काही दिवसांची रजा मंजूर करावी." खाली आईची सही. काही दिवसांनी शाळेने वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले, तेव्हा आई दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आली. ते शेजारी ठेवून वाचले तेव्हा कळले की मधल्या मध्ये अर्जातले सगळे कामाचे गळून गेले होते.

काय गळले ते पाहा. रोगाचे नाव गेले. फोड कधी उठले ती वेळ गेली. मुलगा शेवटचा शाळेत कधी होता, ते गेले. परत कधी येणार याची अट गेली. आणि आईने शाळेला केलेली विनंती गेली. कांजिण्यांच्या बाबतीत नेमक्या याच गोष्टी महत्त्वाच्या असतात. हा आजार अंगावर फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, पसरत राहतो. म्हणजे मंगळवारी आणि बुधवारी त्या बाकावर बसलेल्या मुलांचा संबंध आधीच आला होता. ज्याला लागण होते त्याच्या अंगावर फोड उठायला 10 ते 21 दिवस लागतात. तेवढ्यात घरच्यांना माहीत असेल तर ते लक्ष ठेवतात. एखादी शिक्षिका गरोदर असेल, आणि तिला लहानपणी कांजिण्या झालेल्या नसतील किंवा लस घेतलेली नसेल, तर तिने लगेच डॉक्टरांना विचारायला हवे असते. त्या वर्गात पुढे आणखी मुले आजारी पडली. त्यांना या मुलाकडूनच लागण झाली, असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या घरी सांगा म्हणून एका आईने वेळेवर लिहिले होते, आणि ते शाळेत कुणी वाचले नाही, एवढे नक्की.

ती बहीण हुशार मुलगी आहे. तिच्यापाशी जो साचा होता, त्यात कांजिण्यांना जागाच नव्हती. या साच्यात मोजकी कारणे असतात: ताप, घरातले लग्न, नाहीतर घरी तातडीचे काम. मराठीत आई-बाप खरे कारण लिहितात आणि इंग्रजीत ते या तिनांपैकी एकात कोंबले जाते. जे शब्द शोधायला जातात, त्यांचे वेगळेच होते. कांजिण्यांसाठी 'स्मॉलपॉक्स' लिहिलेला कागद मी पाहिला आहे. स्मॉलपॉक्स म्हणजे देवी. जग देवीमुक्त झाल्याचे 1980 मध्येच जाहीर झाले. तिथे 'चिकनपॉक्स' हवे होते. गोवर असेल तर 'मीझल्स'. हे तीन शब्द माहीत नसणे हा पालकाचा गुन्हा नाही. ते शाळेच्या दफ्तरात एका कागदावर लिहून लावलेले असावेत.

दुसरा वारंवार दिसणारा प्रकार सुतकाचा. गावी भावकीत कुणी वारले, दहाव्या-तेराव्यापर्यंत घरची सगळी मंडळी गावाला गेली, तर वडील अर्जात तसेच लिहितात. इंग्रजीत वडिलांचे चुलत चुलते नुसते 'अंकल' होतात. मग शाळा विचारते, काकासाठी एवढे दिवस कशाला? हा प्रश्न टाळायचा म्हणून भाषांतर करणाराच सल्ला देतो, "ताप लिहा, सोपं पडतं." ताप लिहिला की डॉक्टरचा कागद जोडावा लागतो आणि तो तर नसतो. सीबीएसईच्या दहावी-बारावीला 75 टक्के हजेरी लागते. हजेरी कमी पडली तर गैरहजेरीचे कारण आणि त्याचा पुरावा बघितला जातो. तेव्हा खरे कारण एका कागदावर आणि खोटे दुसऱ्यावर, अशी त्या मुलाची अवस्था होते. दफ्तरात मात्र खोटाच कागद असतो, कारण मराठी अर्ज परत केलेला असतो.

तिसरी गोष्ट सहीची. साच्यातला अर्ज विद्यार्थ्याच्या तोंडी असतो: मी आजारी आहे, मला रजा द्या. मराठी अर्ज पालकाच्या तोंडी असतो: माझा मुलगा आजारी आहे. भाषांतरात बोलणारा माणूसच बदलतो आणि सही मात्र पालकाची राहते. जो मजकूर आपल्याला वाचता येत नाही त्यावर आई सही करते. तहसील कचेरीत एखाद्याने कागदावर अंगठा उठवला, तर मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, असे खाली लिहून घेतात. शाळेत तेवढेही होत नाही.

आणि भाषांतर मुलाच्या हातात गेले की कधी कधी तक्रारच नाहीशी होते. एका आईने लिहिले होते की मुलीला वर्ग चालू असताना लघवीला जाऊ देत नाहीत, ती दिवसभर पाणी पीत नाही, त्यामुळे तिला लघवीचा त्रास झाला आणि दोन दिवस घरी ठेवावे लागले. इंग्रजी त्याच मुलीने केले. त्यात दोन दिवसांची रजा राहिली आणि बाकी सगळे गेले. ज्या मॅडमच्या हातात कागद द्यायचा त्यांच्याविरुद्ध ती कसे लिहिणार? आईला वाटत राहिले की आपण शाळेला कळवले.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. राज्यातल्या सगळ्या शाळांमध्ये, बोर्ड कोणतेही असो, मराठी शिकवणे सक्तीचे करणारा कायदा 2020 मध्ये झाला. तो पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आला आणि मोडणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली. हा कायदा मराठी शिकवण्याचा आहे, पालकाच्या अर्जाचा प्रश्न तो थेट सोडवत नाही. पण त्याचा एक परिणाम असा की ज्या शाळेत हा कायदा पाळला जातो, तिथे मराठी उत्तम वाचणारी एक तरी व्यक्ती रोज हजर असते. अर्ज वर्गशिक्षिकेच्या टेबलावरून मराठीच्या शिक्षकांच्या टेबलावर जायला दोन मिनिटे लागतात.

मराठी कागद शाळांना अगदीच परका आहे, असेही नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश घेताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा मराठी दाखला चालतो. त्याचे इंग्रजी करून आणा, असे कुणी म्हणत नाही. सरकारी शिक्क्याचा मराठी कागद चालतो आणि आईच्या हातचा चालत नाही, हे आपल्याला पटते का?

म्हणून माझी विनंती एका छोट्या परिपत्रकाची आहे. त्यात चार गोष्टी असाव्यात.

पहिली, पालकाचा मराठी रजेचा अर्ज कोणत्याही शाळेने परत करू नये. दुसरी, शिक्षकाला इंग्रजी हवे असेल तर ते शाळेतल्याच मराठी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याने त्याच कागदाच्या कडेला करून द्यावे आणि खाली स्वतःची सही करावी. भाषांतर सुंदर नको. मूल कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण काय, परत कधी येणार आणि पालक शाळेकडे काय मागतात, एवढ्या पाच गोष्टी आल्या की झाले. 'परवा' असे लिहिले असेल तर पालकाला फोन करून तारीख विचारावी, कारण परवा गेलेलाही असतो आणि येणाराही. तिसरी, मूळ अर्ज फाइलला लावावा आणि पुढे वाद झाला तर मराठी मजकूर प्रमाण मानावा. चौथी, कोणत्याही परिस्थितीत भाषांतर त्या विद्यार्थ्याकडून किंवा शाळेतल्या त्याच्या भावंडाकडून करून घेऊ नये.

शाळेच्या डायरीतले रजेचे पान आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधली कारणांची यादी दोन्ही भाषांत असावी, हेही जोडता आले तर बरे. त्या यादीत 'संसर्गजन्य आजार' आणि 'घरातील किंवा भावकीतील मृत्यू' ही दोन कारणे वेगळी हवीत. बाकी सगळे 'अदर'मध्ये गेले तरी चालेल.

हे परिपत्रक निघाले तर माझ्या दुकानातले हे गिऱ्हाईक कमी होईल. चालेल मला. ते निघेपर्यंत पालकांना मी एवढेच सांगतो: इंग्रजी कुणीही केले तरी आपला मराठी अर्ज त्याला टाचूनच द्या, आणि पोच म्हणून दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आपला,
पिंपरी-चिंचवडमधील एक दुकानदार