'दादा वारले' एवढी चिठ्ठी

मागच्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची चिठ्ठी आली. शेजारच्या मुलाच्या हाती पाठवलेली, वहीचं फाडलेलं पान. मजकूर असा होता:

'टीचर, सलाम. सोमवारी रात्री मुलाचे दादा वारले. मंगळवारी जोहरनंतर मिट्टी झाली. तो लहानपणापासून दादांजवळच झोपायचा. शनिवारी शाळेत पाठवतो. वह्या अपूर्ण राहतील, त्याला रागावू नका. वर्गात सगळ्यांसमोर काही विचारू नका, एवढी विनंती.'

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, दोन्ही भाषांत माझं घर आहे, तरीही पहिल्या ओळीला माझ्या छातीत धस्स झालं. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ. या मुलाचा भाऊ आमच्याच शाळेत नववीला आहे. दुसऱ्या ओळीपर्यंत उलगडा झाला, पण मराठी शाळेतल्या एखाद्या बाईंना तो झाला नसता. आपल्या घरातली मुलं मराठी शाळेत जात असतील तर चिठ्ठीत 'दादा म्हणजे माझे वडील' एवढं आवर्जून लिहावं.

बाकी चिठ्ठी उत्तम होती. लिहिणारे गृहस्थ गॅरेजमध्ये काम करतात, शुद्धलेखनाच्या चुका होत्या (त्या मी वर सुधारून दिल्या आहेत, खोड जात नाही). पण आम्ही व्याकरणाच्या तासाला रजेचा अर्ज शिकवतो, 'वरील विषयास अनुसरून' वगैरे, त्यात जे कधीच नसतं ते या चिठ्ठीत होतं. 'दादांजवळच झोपायचा.' आजोबा गावाकडे राहणारे आणि ईदला भेटणारे असतात, तसे रोज रात्री एकाच गादीवर झोपणारेही असतात. शिक्षकाला हे कळल्याशिवाय नेमकं काय गेलं आहे ते कळत नाही.

अशी चिठ्ठी आली की शिक्षक काय करतो? बहुतेक वेळा चांगल्या मनाने एकच वाक्य बोलतो: 'हरकत नाही, वह्या सावकाश पूर्ण कर.' मीही वर्षानुवर्षं हेच बोलत आले. एका मुलीच्या नानीचं निधन झालं होतं, तेव्हाही हेच म्हटलं. आठ दिवसांनी ती मधल्या सुट्टीत बाकावर एकटी बसून मैत्रिणीच्या वहीतून प्रश्नोत्तरं उतरवताना दिसली. पाच विषय, चार दिवसांचं काम, आणि रोजचा गृहपाठ वेगळा. 'सावकाश' म्हणून मी तिचं ओझं कमी केलं नव्हतं, फक्त पुढे ढकललं होतं. त्यातून तिला शिकायला काही मिळालंही नाही. ती नुसती उतरवत होती.

म्हणून या मुलाच्या वेळी मी आधी कामाची निवड केली. शुक्रवारी सुट्टी झाल्यावर इतर शिक्षकांना गाठलं आणि एकच विचारलं, 'या चार दिवसांत असं काय झालं की जे न कळल्याने पुढचं अडेल?' गणिताच्या सरांनी सांगितलं, अपूर्णांकांचा गुणाकार आणि भागाकार. तो चुकला तर पुढे दशांश अपूर्णांक डोक्यावरून जातील. विज्ञानात एक आकृती. इतिहासात काही नाही, धडा वाचला तरी पुरे. माझ्या मराठीत एक कविता झाली होती, ती मी पुन्हा म्हणून घेणारच होते. म्हणजे चार दिवसांच्या ढिगातून खरं काम निघालं दोन तासांचं. उरलेलं 'पूर्ण करायचं' नाही, ते सोडून द्यायचं. मी त्याच्या वहीत त्या तारखांवर रेघ मारून सही केली, म्हणजे वही तपासणीला कुणी बोट ठेवायला नको.

गुणांची भीतीही बरीचशी पोकळ आहे. सहावीला निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात आणि त्यासाठी शिक्षकाच्या हाती एकटी लेखी चाचणी नसते. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, रोजचं निरीक्षण, सगळं चालतं. त्या आठवड्यात बुडालेल्या चाचणीऐवजी मी पंधरा दिवसांनी त्याच्याकडून तोंडी उत्तरं घेतली आणि तशी नोंद केली. नियम वाकवावा लागला नाही.

माझ्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, 'असं केलंत तर उद्या प्रत्येक पोरगा वर्षातून दोनदा आजोबा मारेल.' हसायला ठीक आहे. चिठ्ठीवर पालकांचा नंबर असतो, एक फोन केला की झालं. आणि तो फोन तसाही करायलाच हवा, ताजियतीसाठी. समजा एखादा खोटा निघालाच, तर शाळेचं नुकसान किती? चार पानं कोरी राहिली, एवढंच.

शनिवारी मुलगा आला तेव्हा परिपाठाआधी व्हरांड्यात त्याला म्हटलं, 'घरून चिठ्ठी मिळाली. वर्गात कुणी काही विचारणार नाही. बाहेर जावंसं वाटलं तर नुसता हात वर कर.' तो 'जी' म्हणाला आणि आत गेला. दिवसभर हसला-खेळलाही. इथेच आपण फसतो. मुलं सतत दुःखात बसत नाहीत, मधूनमधून उतरतात आणि बाहेर येतात. खेळताना पाहून आम्ही विषय मिटवून टाकतो.

शरीयतने पतीखेरीज इतर नातलगांसाठी शोकाचे तीन दिवस सांगितले आहेत, आणि ते शहाणपणाचं आहे, घर पुन्हा चालू लागावं म्हणून. पण घराची घडी तीन दिवसांत बसत नाही. या मुलाची दादी इद्दतमध्ये होती, चार महिने दहा दिवस. भेटायला येणाऱ्या बायकांचा राबता सुरू होता. ज्या खोलीत तो दादांजवळ झोपायचा, अभ्यास करायचा, ती आता दादीची होती. तो स्वयंपाकघराच्या दाराशी झोपायला लागला. हे मला चिठ्ठीतून कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही उलट्या दिशेने: गृहपाठ बंद झाला, पहिल्या तासाला जांभया, मोठ्याने वाचायला सांगितलं की ओळ सुटायची. तोवर मास्तर लोकांची माया आटलेली असते. गणिताच्या सरांनी त्याला उभं केलं होतं. त्यांचीही चूक नाही, त्यांच्या लेखी तो विषय तीन आठवड्यांपूर्वी संपला होता.

मी वडिलांना फोन केला तेव्हा ते ओशाळले. 'टीचर, एकदा लिहिलं होतं, परत काय लिहायचं?' माझं मत विचाराल तर पालकांनी दुसऱ्यांदा लिहायलाच हवं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. पहिली चिठ्ठी नसली तरी बातमी शाळेत पोचतेच. घरात झोपायची जागा बदलली, अभ्यास कोण घेत होतं आणि आता कुणीच घेत नाही, चाळिसाव्याला पुन्हा एक दिवस बुडणार आहे, हे दुसरं कुणी सांगत नाही. आणि आम्ही शिक्षकांनी ती चिठ्ठी येण्याची वाट न पाहता तीन आठवड्यांनंतरची एक तारीख डायरीत लिहून ठेवावी. मी आता ठेवते. त्या दिवशी फक्त विचारायचं, 'रात्री झोप लागते का? अभ्यासाला कुठे बसतोस?'

त्या मुलासाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गखोली उघडी ठेवली. तो आणि आणखी दोघं बसायचे. निबंधाच्या यादीतला 'माझे आजोबा' मी त्या सत्रात दिला नाही, त्याऐवजी पावसावर लिहून घेतलं.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी चिठ्ठी आली. या वेळी त्याच्याच अक्षरात, खाली वडिलांची सही: 'टीचर, उद्या दादांचा चाळिसावा आहे, मी येणार नाही. दशांशाचा स्वाध्याय सोमवारी आणतो.'

सोमवारी आणला. दोन गणितं चुकली होती.