गरम पाण्याची परतीची वाट

घरात गरम पाण्याची एकच मोठी टाकी असली, की वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५ अंशांवर आणण्याचा मोह होतो. पण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यातच लेजिओनेला हा जिवाणू वाढतो. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात गेला, तर न्यूमोनिया होऊ शकतो.

म्हणून टाकी ६० अंशांवर ठेवा. नळांपर्यंत फिरून पंपाने टाकीत परतणारे पाणी ५० च्या खाली नको. टाकी ६० आणि परतीचा पाइप ४२ दाखवत असेल, तर दोष वाटेत शोधा: पंप टायमरने बंद राहतोय, किंवा पाइपावरचे इन्सुलेशन निघाले आहे.

६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. त्यासाठी टाकी थंड करू नका. आजी-आजोबांच्या शॉवरपाशीच थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा.