टोपणाचे माप आणि लेबलावरचा आकडा

सांगलीतील हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी बैठकीच्या खोलीत पीस लिली, मनी प्लांट आणि स्पायडर प्लांट अशा पाच-सहा कुंड्या आहेत. त्यांची निगा सूनबाईंकडे. दर महिन्याला एक लिटर पाण्यात एक टोपण द्रवखत, ही त्यांची जुनी पद्धत. तिने कधी अपाय झाला नव्हता. या वेळी नेहमीची बाटली मिळाली नाही, म्हणून कृषी सेवा केंद्रातून दुसरी आणली आणि त्याच सवयीने एक टोपण भरून खत दिले. आठवडा उलटतो न उलटतो तोच पीस लिलीच्या पानांची टोके तपकिरी होऊन कुरकुरीत झाली, आणि माती ओली असतानाही झाड मान टाकून बसले.

ओली माती आणि मलूल झाड ही जोडी दिसली की संशय खतावर घ्यावा. पाणी कमी पडल्यानेही पान सुकते, परंतु तेव्हा बोट खुपसून पाहिले तर माती कोरडी लागते. पाणी अती झाले असेल, तर बहुधा खालची पाने पिवळी पडून लिबलिबीत होतात आणि मातीला कुबट वास येतो. खताचा दाह मात्र टोकापासून व कडेपासून सुरू होतो. करपलेल्या भागाला लागून पिवळी रेघ दिसते आणि पुष्कळदा मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. तो थर म्हणजे साठलेले क्षार.

हे का घडते, ते स्वयंपाकघरातच पाहता येते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की घटकाभरात त्यांना पाणी सुटते. बाहेर क्षार अधिक झाले की आतले पाणी बाहेर ओढले जाते. द्रवखत हेही पाण्यात विरघळलेले क्षारच. मुळांभोवती ते प्रमाणाबाहेर साचले की मुळांना पाणी घेणे अवघड होते. झाड ओल्या मातीत तहानलेले राहते. शेतात ते खोलवर पसरतात, पावसाने धुऊन जातात. कुंडीतल्या मूठभर मातीत त्यांना जागाच नसते.

सासऱ्यांनी दोन्ही बाटल्या जवळ घेतल्या आणि भिंग लावून लेबले वाचली. अक्षरे इतकी बारीक, की भिंगाशिवाय ती वाचली जावीत अशी छापणाऱ्याची इच्छा आहे की नाही, अशी शंका यावी. जुन्या बाटलीवर 2-2-2 असे छापले होते, नव्या बाटलीवर 8-8-8. हे तीन आकडे नेहमी एकाच क्रमाने येतात: नत्र, स्फुरद आणि पालाश, प्रत्येकाचे शेकडा प्रमाण. “अगं, दर पोत्यावर ठरत नाही, आतल्या मालावर ठरतो,” ते सूनबाईंना म्हणाले. “हा माल चौपट आहे.”

टोपणही सारखे नव्हते. औषधाच्या, बिनसुईच्या सिरिंजने मोजले तेव्हा जुन्या टोपणात 5 मिली आणि नव्यात 10 मिली मावले. म्हणजे चौपट तीव्र खत दुप्पट मापाने पडले होते.

याचा हिशेब सोपा आहे. नत्राचा टक्का गुणिले दहा, आणि त्याला एका लिटरात घातलेल्या मिलींनी गुणावे. उत्तर म्हणजे एक लिटर पाण्यातील नत्राचे मिलिग्रॅम. (टक्का वजनावर दिलेला असेल तर खरा आकडा थोडा वर जातो, कारण द्रवखत पाण्यापेक्षा जड असते, घरच्या कामाला एवढा फरक चालतो.) जुन्या खताचे 2 गुणिले 10 गुणिले 5, म्हणजे 100. नव्याचे 8 गुणिले 10 गुणिले 10, म्हणजे 800. घरात, मंद उजेडात वाढणाऱ्या झाडाला महिन्यातून एकदा 100 च्या आसपास पुरेसे होते. पीस लिलीला एकाच दिवशी त्याच्या आठपट मिळाले.

नव्या लेबलावर मात्रा लिहिली नव्हती असे नाही. ती शेतकऱ्यासाठी होती: फवारणीकरिता एकरी 500 मिली, 200 लिटर पाण्यातून. एकराचा घरातल्या कुंडीशी संबंध नाही, म्हणून ती ओळ वाचणारा पुढे सरकतो. उपयोगाचे मात्र तिथेच असते. 500 ला 200 ने भागले की लिटरला अडीच मिली येतात. त्याच लेबलावर खाली आळवणीचे, म्हणजे मुळाशी ओतण्याचे, माप वेगळे आणि मोठे होते. ते शेताच्या मातीसाठी असल्याने कुंडीला लावू नये. कुंडीसाठी फवारणीचे माप घेऊन तेही निम्मे करावे: लिटरला सव्वा मिली. वरच्या सूत्रात घालून पाहिले तर 8 गुणिले 10 गुणिले 1.25, बरोबर 100. दोन वाटांनी एकच उत्तर आले, तेव्हा सासऱ्यांनी मान डोलावली.

लेबलावरची घटकांची ओळ वाचणेही जैन घरात आवश्यक ठरते. ‘सेंद्रिय’ एवढाच शब्द पाहून आणलेल्या बाटलीत मासळीचा अर्क असू शकतो आणि भुकटीच्या खतात हाडांचा चुरा. समोरच्या बाजूला पानाचे चित्र असते. हे मागे लिहिलेले असते.

आता झाड वाचवायचे होते. कुंडी न्हाणीघरात नेली, मातीवरचा पांढरा पापुद्रा चमच्याने हलकेच खरवडून काढला आणि साधे पाणी सावकाश ओतले. सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर माती मावते. तिच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे चार ते सहा लिटर पाणी थोड्या थोड्या अंतराने तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्यावे. खालच्या बशीत जमलेले पाणी फेकून द्यावे, नाहीतर तेच क्षार मुळे पुन्हा शोषतात. बोअरचे पाणी फार क्षारयुक्त असेल तर धुण्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा गाळलेले गोडे पाणी घ्यावे. मग दीड-दोन महिने खत नाही. करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. ती कात्रीने पानाच्या आकारात कापता येतात. झाड सावरले की नाही, हे नव्या पानावरून ओळखायचे. मुळेच काळी व मऊ झाली असतील तर धुण्याचा उपयोग होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मधोमध एक सुरळी उलगडली, टोकापर्यंत हिरवी. दोन महिन्यांनी सूनबाईंनी पुन्हा खत काढले तेव्हा आदल्या दिवशी कुंड्यांना साधे पाणी दिले होते, कारण कोरड्या मातीत तेच खत अधिक जाळते. बाटली हलवली, लिटरभर पाणी आधी घेतले, मग सिरिंजने सव्वा मिली सोडून ढवळले आणि तळातून थोडे ठिबकेपर्यंतच ओतले. बाटलीवर सासऱ्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली आहे: ‘कुंडीसाठी – 1 लिटरास 1.25 मिली. टोपणाने मोजू नये.’